भरून काढलेले चार रविवार

आमच्या शाळेचं वर्ष मी आखतो, हे मला जरा जास्तच मिरवायला आवडायचं. मे महिन्यात बाकीचे मास्तर लग्नं जेवत फिरायचे आणि मी पंखा उजवीकडे वळवून मोठ्या कागदावर चौकोन आखत बसायचो. विदर्भातलं ऊन म्हणजे शाळा जूनच्या अखेरीस उघडायची. तिथून दिवाळीपर्यंत पहिलं सत्र, एप्रिलपर्यंत दुसरं. रविवार सोडून शहात्तरपेक्षा जास्त सुट्ट्या नकोत. सहावी ते आठवीला दोनशेवीस दिवस भरले पाहिजेत. मुख्याध्यापकांच्या हातातल्या दोन सुट्ट्यांपैकी एक तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाला, नाहीतर त्या दिवशी वर्गात बाकंच बसतात. परीक्षा अशा बसवायच्या की सण संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी पेपर येऊ नये. हे सगळं माझ्याइतकं चोख कोणाला जमत नाही, असं मी चारचौघांत म्हणायचोही.

त्या वर्षी जुलैत नाल्यांना पूर आले आणि जिल्ह्याच्या आदेशानं शाळा चार दिवस बंद राहिल्या. मी शांतपणे दिवाळीनंतरचे चार रविवार काढले, सकाळचं एकच सत्र ठेवलं, सुधारलेला कागद शिक्षण विभागाला पाठवला, फळ्याशेजारी चिकटवला, वर्गावर्गांत वाचून दाखवला. चार गेले, चार आले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "वा सर!" मी आठवडाभर फुगून होतो.

त्या चारही रविवारी धरणाकडच्या गावातल्या मुली हजेरीला नव्हत्या. "कापसाचे दिवस हायेत, वेचायले गेल्या असतीन," असं स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणालं आणि मी मान डोलावली. कोणाला विचारलं नाही. हजेरीत गैरहजेरी लावत गेलो.

जानेवारीअखेर माझ्या दहावीच्या वर्गाच्या हजेरीचा शेवटचा हिशेब करायला बसलो. बोर्डाला पंचाहत्तर टक्के लागतात. त्याच गावची एक मुलगी, वर्गात पहिल्या पाचांतली. सप्टेंबरापासून डेंग्यूनं दीड महिना अंथरुणाला खिळली होती. शाळा भरली एकशे साठ दिवस, तिला हवे होते एकशे वीस. तिचे भरले एकशे एकोणीस.

मी तीन वेळा मोजलं. एका दिवसासाठी ही पोर परीक्षेला मुकणार? मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सूट मागता येईल, पण मंडळ देईलच असं सांगता येत नाही." मी तिला बोलावलं आणि चांगलाच तडकलो. "काऊन वं, आजारपण समजू शकतो. पण रविवारी कापूस वेचणं शाळेपेक्षा मोठं होतं का?"

"सर, आमच्या घरी वावरच नाई. रविवारी आमची बस येत नाई."

खेड्यांतल्या मुलींसाठीची ती एस.टी.ची निळी बस, फुकटची, फक्त शाळेच्या दिवशी धावणारी. शाळेचे दिवस कोणते, ते एस.टी.च्या आगाराला कोण कळवतं? मीच. दर जूनला एक यादी फळ्यावर, एक आगारात. मी फाइल ओढली. आगाराच्या पोचपावतीखाली जूनचीच यादी होती. सुधारलेली यादी मी सगळीकडे दिली होती, फक्त जिथून बस निघते तिथे दिली नव्हती.

"पहिल्या रविवारी मी आलती ना पण," ती हळूच म्हणाली. "पायी. पोचली तं हजेरी होऊन गेलती. तुमी म्हणलं, लागली गैरहजेरी, बस आता गुपचूप."

आठवलं. दारात उभी होती, चपला धुळीनं पांढऱ्या झालेल्या. मला वाटलं होतं, पोर उशिरा उठली. आठ किलोमीटर चालून आलेल्या लेकराला मी एवढंही विचारलं नव्हतं की उशीर का झाला. ती मुकाट बसून तिन्ही तास लिहीत राहिली होती. तिनं दप्तरातून भूमितीची वही काढली, त्या तारखेखाली माझीच सही होती.

मी हजेरीपट उघडला. चूक शाळेची, मग चारही रविवार हजर लावतो, असं मी म्हणालो, तिच्याकडे न बघता. मला त्या क्षणी सगळंच पुसून टाकायचं होतं.

"नका सर," ती घाबरून म्हणाली. "बाकीच्या तीन दिवशी मी नवती आली. ज्या दिवशी आलती, तेवढाच लिहा."

मी तेवढाच लिहिला. कारण खाली लिहिलं, मुख्याध्यापिकांची सही घेतली. एकशे वीस.