एका रिंगची सवय

आमच्या आईला फोन करता येत नाही, मिस कॉल देता येतो. ही विद्या तिला मीच शिकवली. कॉलेजसाठी फुलंब्रीकडचं गाव सोडून शहरात आलो तेव्हा मी मोठ्या शहाणपणानं सांगितलं होतं, "आई, तू फक्त एक रिंग द्यायची अन् कट करायचं. मी लावतो माघारी." ती तेव्हापासून रोज दिवे लागायच्या वेळेला एक रिंग देते आणि फोन मांडीवर ठेवून वाट बघत बसते. मी माघारी फोन लावला नाही असा दिवस फार क्वचित गेला असेल. त्यामुळे तिची अशी पक्की समजूत झाली की रिंग दिली की माणूस माघारी बोलतोच.

आई-वडील दोघांत मिळून एकच बटणांचा फोन. वडील शेळ्या घेऊन माळावर गेले की फोन घरी, दोघं मिळून गेले की तो आईच्या कनवटीला. त्याचं रिचार्ज माझ्याकडं. गेल्या वर्षी ते संपलं आणि मी आज टाकतो, उद्या टाकतो करत राहिलो. पैशाची अडचण नव्हती, निव्वळ आळस. शहरात हर्सूलला राहतो, तिथून ऑफिसला जाताना आठवायचं आणि ऑफिसात पोचेपर्यंत विसरायचं. आधी तिचे जाणारे फोन बंद झाले आणि संध्याकाळची रिंग थांबली. मग मीच रोज लावू लागलो. तेव्हा ती म्हणाली, "माझा फोन कुणालाच लागंना रं. काई झालं तर?"

मी काय म्हणावं? "बॅलन्स नसला तरी एकशे बारा लागतो. पोलीस, गाडी, सगळं येतं त्याच्यावर. काळजी करू नको." म्हणजे माझा आळस मी सरकारच्या गळ्यात घातला. बोललो ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. आणि आणखी काही दिवसांनी तिच्याकडं येणारे फोनही बंद झाले. मी लावला तर बाई सांगायची, सेवा उपलब्ध नाही. तेव्हा मी ठरवलं की रविवारी जाऊनच येऊ, तिथंच टाकू.

त्या आठवड्यातल्या बाजारच्या दिवशी गाव ओस होतं. आई-वडील शेळ्या घेऊन माळावर होते. दुपारची भाकरी खाताना वडिलांच्या हातातून कांदा पडला. ते उचलायला वाकले आणि तसेच कलंडले. तोंड एका बाजूला ओघळलं, उजवा हात लोळागोळा. आईनं नाव घ्यायचं नसतं ते घेऊन हाक मारली, असं तिनंच मला नंतर लाजत सांगितलं. त्यांच्या तोंडून नुसता आवाज आला, शब्द नाही.

तिनं आधी मला लावला. लागला नाही. मग तिला माझं बोलणं आठवलं आणि तिनं एक, एक, दोन दाबलं.

पलीकडं एक रिंग वाजली आणि आईनं कट केलं.

हे ऐकताना मला स्वतःच्या दोन थोबाडीत मारून घ्याव्याशा वाटल्या. ती फोन हातात धरून, वडिलांचं डोकं मांडीवर घेऊन, माघारी फोन यायची वाट बघत बसली. आला नाही. तिनं पुन्हा एक रिंग दिली, पुन्हा कट. पुन्हा बसली. किती वेळ गेला ते तिला सांगता येत नाही. "शेळ्या बांधाच्या पलीकडं गेल्या व्हत्या," एवढंच म्हणते. तिसऱ्या रिंगेनंतर तिला पहिल्यांदा राग आला. सरकारचा नाही, त्या न बोलणाऱ्या फोनचा.

चौथ्या वेळी तिचा अंगठा घामानं घसरला आणि लाल बटण सापडेपर्यंत पलीकडून बाईचा आवाज आला.

"मावशी, फोन ठेवू नका. आम्ही तीनदा लावला, तुमच्या फोनवर बाहेरून फोन येत नाहीत. तुम्ही कट केलं की आम्हाला तुमच्यापर्यंत पोचता येत नाही."

आई म्हणाली, "पण बाई, तुमचं बॅलन्स जाईल ना."

पलीकडची बाई हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "नाही जात. तुमचंही नाही जात. काय झालं ते सांगा."

आईनं सांगितलं. बाईनं विचारलं, कुठं आहात? आई म्हणाली, "माळावर." आईला वाटत होतं की फोन लागला म्हणजे समोरच्याला आपण दिसतो. बाईनं समजावलं की टॉवरवरून अंदाज येतो, पण तो पार चार गावांचा. गाव, तालुका, जवळची खूण तुम्हालाच सांगावी लागेल. मग आईनं गाव सांगितलं, पाझर तलाव सांगितला, तलावावरून येणारी गाडीवाट सांगितली. बाई म्हणाली, गाडी निघते. एरवी ड्रायव्हर फोन करून रस्ता विचारतो, पण तुम्हाला त्याचा फोन लागणार नाही. वाटेवर कुणाला उभं करता येईल का?

"कुनी नाय इथं. मी यांना सोडून नाय जाणार."

मग त्या दोघींनी मिळून तोड काढली. वडिलांचा तांबडा पटका सोडून आईनं वाटेकडच्या बोरीला बांधला. बोर इतकीच लांब होती की तिथून ते दिसत होते. बाईनं ती खूण ड्रायव्हरला कळवली. वडिलांना कुशीवर करा, तोंडात पाणी घालू नका, असं बाई सांगत राहिली. आई तांब्या उचलायच्या बेतात होती, तिनं तो खाली ठेवला. मधेच काही बोलायला उरलं नाही तेव्हाही कुणी ठेवलं नाही. आईला नुसता पलीकडचा श्वास आणि दुसऱ्या फोनांची कुजबुज ऐकू येत होती. गाडीचा भोंगा तलावावर वाजला तेव्हा बाई म्हणाली, "आली का मावशी? आता ठेवा."

वडील वाचले. बोलणं हळू झालं आणि चहाचा कप डाव्या हातात गेला. आधीचे ते मिस कॉल झाले नसते तर उजवा हात आणखी थोडा वाचला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, हे सरळ सांगतो.

आता वर्षभराचं रिचार्ज एकदम टाकतो. शिवाय आईला उरलेलं अर्धंही सांगितलं: त्या नंबरवर रिंग देऊन कट करायचं नाही, ते उचलेपर्यंत धरायचं. सिमच नसेल तर लागेलच असं नाही, आणि कुठल्याच कंपनीचा टॉवर नसेल तिथून तर मुळीच नाही. तिनं मान डोलावली आणि तिसरंच विचारलं.

"त्या बाईला फोन लाव ना. सांग तिला, मालक उठून बसले म्हणून."

मी म्हणालो, तो नंबर तसल्या कामाचा नाही. तेवढ्यात दुसऱ्या कुणाचा माणूस पडला असेल. शिवाय तीच बाई उचलेल असंही नाही.

"मग ती लावंल का माघारी?"

"नाही आई. तिला दिवसभर असेच फोन."

 आई म्हणाली, "म्हंजे तिला कळनारच नाय का, पुढं काय झालं ते?"

  म्हणून इथं लिहून ठेवतो, न जाणो, कधी तिच्या वाचनात आलं तर: ताई, पटक्याचा रंग तांबडा होता. माळावरचे मालक बरे आहेत. शेळ्या आता आई नेते, आणि ते बोरीखाली बसून तिची वाट बघतात.