पिपाणीचं नाव पिपाणीच

आमच्या गावच्या यात्रेत शिरलं की आई आधी आम्हाला एकेक पिपाणी घेऊन द्यायची. पुढे फुगा बांधलेली, फुंकून सोडली की फुगा रिकामा होईपर्यंत किंचाळणारी. तिचा हेतू रोखठोक होता: "हात सुटला तर रडायचं नाही, हलायचं नाही. जागच्या जागी पिपाणी वाजवायची." प्रत्येक आईने आपल्या पोराला हेच सांगितलेलं असल्यामुळे एक पिपाणी वाजली की सगळ्या आया एकदम वळायच्या. तरीही यात्रेत मूल हरवलं असं मी कधी ऐकलं नाही. इतक्या आया वळल्यावर हरवणार कुठे?

नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीने मी चेन्नईला आले आणि पेरुंगुडीच्या एका छोट्या कंपनीत मुलांचे मोबाइल गेम रचायला लागले. चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी काहीतरी नवं हवं म्हटल्यावर मी यात्राच मांडली. पाळणा, बांगड्यांचं दुकान, गोडी शेव, कुस्त्यांचा फड. बोट लावलं की पाळणा फिरतो, शेव तळली जाते. हरणं-जिंकणं नाही. खाली कोपऱ्यात एक मोठी लाल पिपाणी. मूल गर्दीत कुठेही भरकटलं आणि पिपाणी दाबली, की गर्दीतून आई येते आणि हात धरते. बस्स, एवढाच खेळ. आवाजासाठी गावाहून आणलेली खरी पिपाणी मी स्वतःच फुंकली. पहिल्यांदा फुंकली तेव्हा ध्वनिमुद्रण करणारा खुर्चीतून उठलाच.

फाइलींवर आम्ही पहिल्यापासून 'पिपाणी' लिहीत होतो. तेच नाव राहणार हे मी धरूनच चालले होते. मग नाव ठरवायची बैठक आली आणि साहेबांनी फळ्यावर लिहिलं, 'कार्निव्हल ॲडव्हेंचर किड्स'.

"सर, हे नाव फोनवर आयकॉनखाली मावणारसुद्धा नाही," मी म्हटलं. "तिथे दहा-बारा अक्षरं दिसतात, पुढे टिंबं."

"मग कार्निव्हल किड्स. आणि हे बघा मॅडम, पिपाणी बाहेर कुणाला कळणार?"

माझ्या शेजारी आमची मार्केटिंगवाली बसली होती. तंजावरकडच्या मराठी घरातली, चेन्नईतच वाढलेली. ॲप स्टोअरवर गेमचं पान लिहायचं काम तिचं. मला वाटलं, ही तरी माझ्या बाजूने बोलेल. कसलं काय! ती तिच्या जुन्या वळणाच्या मराठीत म्हणाली, "अक्का, पिपाणी म्हणजे काय ते मलाच कळालं नाही. अमेरिकेतल्या आईला कसं कळंल, सांगा पाहूं? अय्यो, शोधताना ती काय टाइप करणार?"

तिचं चूक नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला. साहेबांनी ऑफिसच्या ग्रुपवर मतदान लावलं. कार्निव्हल निवडून आलं. पिपाणीला मी आणि तो ध्वनिमुद्रणवाला, अशी दोनच मतं.

"मत देणाऱ्या सगळ्यांना वाचता येतं," मी म्हटलं. "खेळणाऱ्यांना येत नाही. त्यांना कोण विचारणार?"

साहेब हसले. "गेम डाउनलोड मुलं करत नाहीत. आणि हो, नाव कार्निव्हल झालं की कोपऱ्यात पिपाणीऐवजी विदूषकाचं नाक करू या. दाबलं की पोंक! नावाला शोभायला हवं. सोमवारी बघू."

म्हणजे नावाच्या मागोमाग पिपाणी जाणार, आणि पिपाणीच्या मागोमाग आई. विदूषकाच्या नाकाला कोण आई धावत येते? ज्याचं लग्न त्याला सोडून वरात निघाली होती. घरी येऊन मी भांडी आदळली. नवरा म्हणाला, "कंपनीचा गेम आहे, तुझा नाही." खरं होतं. त्याच्याशीही बोलले नाही मी त्या संध्याकाळी.

खरं दुखणं वेगळंच होतं. माझी मुलगी पाच वर्षांची आहे. शाळेत तमिळ, खाली खेळताना तमिळ, स्वप्नातसुद्धा तमिळच बडबडते. घरात मला 'आई' म्हणते, पण घाबरली की तोंडातून 'अम्मा'च निघतं. तिने गावची यात्रा पाहिलेली नाही. सुट्ट्या आणि यात्रा यांचा मेळ कधी बसलाच नाही. माझ्याकडून तिला मिळालेली यात्रा म्हणजे माझ्या फोनमधला तो अर्धवट गेम. तीही आता पुसली जाणार होती.

रविवारी आम्ही अण्णा नगरच्या मॉलमध्ये गेलो. सुट्टीची गर्दी, सरकत्या जिन्यापाशी रेटारेटी. मी पिशवी सावरायला हात सोडला आणि पोरगी दिसेना. आजूबाजूला कुणाचं तरी मूल 'अम्मा, अम्मा' करत होतं आणि मी प्रत्येक हाकेला वळत होते. तिथे अम्मा म्हटल्यावर कोण वळणार नाही?

आणि मग ऐकू आलं, "पींऽऽ… पींऽऽ…"

एका खांबाला पाठ लावून ती उभी होती. जागची हलली नव्हती. मूठ तोंडाशी धरली होती आणि गाल फुगवून फुंकत होती. रडत नव्हती. माणसं तिच्या दोन्ही बाजूंनी निघून जात होती. वळले ती मी एकटीच.

तिला उचलून घेतलं तर मलाच तक्रार, "किती वेळ वाजवत होते मी!"

रडू मला आलं. नवऱ्याने तिथल्या तिथे आम्हा दोघींना आइस्क्रीम घेऊन दिलं आणि एवढंच म्हणाला, "उद्या भांड त्यांच्याशी."

सोमवारी मी बैठकीत उभी राहूनच बोलले. मॉलचं सगळं सांगितलं. "हे मी शिकवलं नव्हतं, सर. खेळाने शिकवलं. तिला खेळाचं नाव वाचता येत नाही, पण तिने ते वाजवून दाखवलं. विदूषकाचं नाक मी करणार नाही. दुसऱ्या कुणाकडून करून घ्या."

साहेब म्हणाले, "गोष्ट छान आहे. पण पालक शोधणार कसे?"

तेव्हा तंजावरची ती बोलली. "सर, मी शनिवारी बघितलं. कार्निव्हल टाकलं की स्टोअरवर गेमांची रांगच्या रांग येते. आपण त्यांत कुठेच दिसणार नाही. कंपनीचे वकीलही म्हणाले, इतक्या साध्या शब्दावर हक्क मिळणं कठीण. पिपाणी टाकलं तर रांगच नाही. स्टोअरच्या पानावर नावाला तीस अक्षरं मिळतात. पुढे 'व्हिलेज फेअर' लावू. पालक ते शोधतील, मुलं पिपाणी मागतील." मग माझ्याकडे बघून हळूच, "तुम्ही आधी मला वाजवून दाखवायचं न्हवं, अक्का?"

"आणि चालला नाही तर?" साहेबांनी मलाच विचारलं.

"तर माझ्या नावाने खडे फोडा. पण पिपाणीच्या जागी विदूषक विकायचा नाही."

ते अजून मान हलवत होते. ही 'नाही'ची मान मी ओळखते. मग मी पर्समधून गावची पिपाणी काढली, फुगा भरला आणि सोडली.

काचेपलीकडे बसलेला अख्खा मजला वळला. जेवणाचे डबे घेऊन निघालेल्या दोघी दारातच थांबल्या. साहेबांनी कानांवर हात ठेवले, पण तेही माझ्याकडेच बघत होते. फुगा रिकामा होईपर्यंत मी कुणाची क्षमा मागितली नाही.

"बघितलंत ना सगळ्यांनी?" मी म्हटलं. "यासाठीच असते ती."

साहेबांनी कानांवरचे हात काढले आणि मान हलवली, या वेळी 'हो'ची. तंजावरच्या पोरीने लॅपटॉप पुढे ओढला आणि 'पिपाणी' लिहायला घेतलं.