सिलिंडर कुणाकडे?

सुमित्रा साठे मूळच्या वाईच्या. मिरजेला नर्सिंग शिकल्या आणि यजमानांची, उमाकांतरावांची, बँकेतून बदली झाली तशा जयपूरला आल्या. आदर्श नगरात बिऱ्हाड थाटलं, सरकारी इस्पितळात मुलांच्या वॉर्डात नोकरी धरली. काही वर्षांत अशी वेळ आली की 'सुमित्राजी'ना विचारल्याशिवाय त्या वॉर्डात पान हलेना.

एकसष्ट साली नागपूरची विनया देशकर तिथे रुजू झाली. नर्सांमध्ये मराठी बोलायला कुणीतरी आलं म्हणून सुमित्राबाईंना आधी आनंदच झाला. तो उन्हाळ्यापर्यंत टिकला.

त्या उन्हाळ्यात एका सकाळी न्यूमोनियाचं एक तान्हं मूल आलं. ओठ निळे पडलेले. सुमित्राबाईंनीच ऑक्सिजनच्या सिलिंडरला किल्ली लावली. काटा जागचा हलला नाही. सिलिंडर रिकामा होता. शेजारच्या वॉर्डातला दुसरा ढकलत आणेपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. मूल वाचलं, पण मेट्रन माथुरबाईंनी सगळ्यांना उभं केलं.

"ऑक्सिजनवर सगळ्यांनी लक्ष ठेवा, असं सांगितलं होतं ना?"

"मला वाटलं, आधीच्या पाळीनं बघितलं असेल," सुमित्राबाई म्हणाल्या. दुसरीनंही तेच सांगितलं, तिसरीनंही.

तेवढ्यात विनया पुढे झाली. "मॅडम, आजपासून सिलिंडर माझ्याकडे. पाळीवर आले की प्रत्येकाला किल्ली लावून काटा बघीन. रिकामा असेल तो बाजूला काढून, खूण करून, भरलेला मागवीन. मी नसेन तेव्हा कुणाकडे, ते नाव घेऊन तुम्हाला सांगून जाईन. चुकलं तर मला विचारा."

"ठीक है, विनया," माथुरबाई म्हणाल्या.

सुमित्राबाईंना ते झोंबलं. एवढंसं बोलणं, ते आपल्याला का सुचू नये? त्या दिवसापासून डॉक्टर दारातून हाक मारायचे ती विनयाला. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला डॉक्टरांच्या पत्नी चारुलतावहिनीसुद्धा म्हणाल्या, "तुमच्या वॉर्डात विनया म्हणून आहे ना, फार गुणाची हो!" सुमित्राबाईंनी हसून पन्हं घेतलं. घरी येऊन मात्र पातेलं आदळलं.

"पुढे पुढे करायची सवय आहे मेलीला."

"मग तू का नाही म्हणालीस, मी बघते म्हणून?" उमाकांतरावांनी सहज विचारलं. त्या रात्री त्यांना आमटी अळणी मिळाली.

पावसाळ्यात विनयाला नागपूरला जायचं होतं. ती सुमित्राबाईंकडे आली.

"ताई, मी नसताना सिलिंडर तुमच्याकडे देऊ?"

"जा गं तू. आम्ही सगळ्या आहोत की, बघू."

"सगळ्या नको, ताई. तुम्ही घेता का? नाही म्हणालात तरी राग नाही, मी दुसरीला विचारीन."

सुमित्राबाईंच्या मनात एक विचार चमकून गेला. नाही म्हणावं, आणि तिच्यामागे एखादा सिलिंडर रिकामा निघावा, म्हणजे बघू कोण हाक मारतं ते. आणि लगेच ते निळे ओठ डोळ्यांपुढे आले. त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

"माझ्याकडे दे," त्या म्हणाल्या. विनयानं तिथल्या तिथे मेट्रनना जाऊन सांगितलं, "मी येईपर्यंत सुमित्राताईंकडे."

शनिवारी एका सिलिंडरचा काटा अगदी तळाला गेलेला दिसला. स्टोअरवाले शर्माजी म्हणाले, "सोमवारी पाठवतो."

"सोमवार नाही, आत्ता. माझ्या नावावर आहेत ते," सुमित्राबाई म्हणाल्या, आणि भरलेला सिलिंडर गाडीवर चढेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

दुपारी धापा टाकणारी एक मुलगी आली. किल्ली फिरवली, काटा वर चढला, नळीला जोडलेल्या बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे उठले. डॉक्टर खूश होऊन म्हणाले, "विनयाची व्यवस्था पक्की असते."

"आज सुमित्राची आहे, डॉक्टरसाहेब," सुमित्राबाई फटकन बोलून गेल्या आणि कानापर्यंत लाल झाल्या. डॉक्टर हसले. "बरं, सुमित्राची."

विनया परतली आणि म्हणाली, "ताई, आता माझ्याकडे ना?" सिलिंडरची किल्ली देताना सुमित्राबाईंनी ती जरा जास्तच वेळ बोटांत धरून ठेवली. द्यावीशी वाटत नव्हती. पण त्यांनी दिली. कुठला सिलिंडर केव्हा बदलला, तेही सांगितलं.

मग त्या थेट मेट्रनच्या खोलीत गेल्या. दुधाच्या बाटल्या उकळायचं काम असंच सगळ्यांचं म्हणून कुणाचंच नव्हतं. "ते आजपासून माझ्याकडे," त्या म्हणाल्या. माथुरबाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि मान हलवली.

मत्सर काही गेला नाही. दोघी पुढे कितीतरी वर्षं त्याच वॉर्डात होत्या, आणि डॉक्टरांनी विनयाला हाक मारली की सुमित्राबाईंची मान अजून वळायची. पण बाटल्यांबद्दल कुणी विनयाला विचारलंच, तर ती म्हणायची, "ते सुमित्राताईंना विचारा." ते ऐकायला सुमित्राबाई मुद्दाम दाराशी रेंगाळायच्या.