न वाचता सही केलेला कागद

माझा गुडघा बदलायचा होता. नाशिकच्या दवाखान्यात पुढच्या गुरुवारची तारीख मिळाली होती. पैसे जव्हारच्या बँकेत माझ्या खात्यावर होते. मी खाटेवर पडल्यावर ते काढणार कोण, म्हणून मुलीच्या नावाने मुखत्यारपत्र केलं. कोर्टाजवळ टेबल टाकून बसणाऱ्या टंकलेखकाने पाचशेच्या स्टॅम्पवर छापून दिलं. मी सही केली, नोटरीचा शिक्का झाला, आणि दुसऱ्या दिवशी दोघी खोडाळ्याहून बसने बँकेत गेलो.

कागद घेणाऱ्या मॅडम तरुण होत्या. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. बँकेत कुणी एवढं सावकाश वाचताना मी प्रथमच पाहिलं. मुलगी सारखी घड्याळ बघत होती. तिला शाळेतून अर्धीच रजा मिळाली होती.

मॅडमनी आधी विचारलं, हा कागद रद्द तर केलेला नाही ना? नाही म्हटलं. मग म्हणाल्या, देणारा जिवंत असेल तोवरच असा कागद चालतो, म्हणून बघावं लागतं.

"मग बघून घ्या," मी म्हटलं.

त्या हसल्या आणि पुढे वाचू लागल्या. कागदात सातबाऱ्याची कामं होती, तहसीलदारापुढे हजर राहणं होतं, जमीन विकणं आणि गहाण ठेवणंही होतं. बँकेच्या खात्याचा एक शब्द नव्हता. जमीन विकण्यापुरता तो नोंदणी कार्यालयातही लागला असता, नुसत्या नोटरीवर चालला नसता. म्हणजे हवा तो अधिकार दिलाच नव्हता आणि नको तो अर्धवट दिला होता. साक्षीदारांत एक माझा जावई. अधिकार घेणारीच्या नवऱ्याने साक्ष दिली तर उद्या भांडण झाल्यावर कोण मानणार, असं मॅडम म्हणाल्या.

मी मुलीकडे पाहिलं. ती मास्तरीण आहे.

"तू वाचलं होतंस का?"

"नाही, आई. तो नेहमी छापतो, मला वाटलं बरोबरच असेल. तू?"

मीही नव्हतं वाचलं. चौथी शिकलेय, वाचता चांगलं येतं. पण टेबलाभोवती माणसं उभी होती, टंकलेखक पान उलटून बोट ठेवत होता, इथे करा, इथे करा, आणि मी करत गेले. मुलीच्या मनात जमीन होती का, हा विचार मला आला. आला तो आला. तिचा चेहरा पाहिला, ती घाबरलेली होती. मग मी तो सोडला.

त्यावर आणखी एक निघालं. मॅडमनी संगणकावर माझं खातं उघडलं तर सहीच्या जागी अंगठा. हे खातं पहिल्यांदा काढलं तेव्हा बँकेची माणसं गावच्या शाळेत आली होती. बायकांची रांग होती, पुढच्या सगळ्यांनी अंगठे दिले, मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. नागली झोडायची पडली होती. शाईत अंगठा बुडवला आणि घरी गेले.

मॅडम म्हणाल्या, "कागदावर सही आणि आमच्याकडे अंगठा. हा कागद तुम्हीच दिला, असं मी कशावरून लिहू, आजी?"

"मी समोर बसलेय ना."

"म्हणूनच हे आज सुटेल. नुसता कागद आला असता तर परत गेला असता."

मग अर्ज लिहिला. आधार, फोटो बघून त्यांच्यासमोर तीन सह्या केल्या आणि अंगठ्याच्या जागी सही लावायला दिली. मुलीने शाळेत फोन करून उरलेली अर्धी रजाही टाकली. तिथून पुन्हा टंकलेखकाकडे. तो म्हणाला, आजी, सगळ्यांना हाच मजकूर देतो, अजून कुणाची तक्रार नाही. मी म्हटलं, सगळे माझ्यासारखेच असतील. या वेळी खात्याचा नंबर घातला, पैसे काढणे आणि चेकवर सही करणे एवढंच लिहिलं, खातं बंद करण्याचा अधिकार नाही असंही लिहायला लावलं. जुना कागद रद्द केल्याचा वेगळा कागद केला. गावच्या आरोग्यसेविकेला आणि आमच्या जुन्या मास्तरांना फोन करून बोलावलं. ती दोघं येईपर्यंत मी मजकूर मोठ्याने वाचला. एका ठिकाणी खात्याचा एक आकडा चुकला होता. पान पुन्हा काढायला लावलं. नोटरीपुढे सह्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सही सहीशी लावून पाहिली, साक्षीदारांची ओळखपत्रं पाहिली, मुलीच्या नमुना सह्या घेतल्या आणि कागद ठेवून घेतला.

गुरुवारी गुडघा झाला. शनिवारी मुलीने पैसे काढून दवाखान्यात भरले आणि पासबुक माझ्या उशाशी ठेवलं. मी चष्मा मागितला आणि नोंद वाचली.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि पासबुक पिशवीत टाकून चहा आणायला गेली.