कलम चौदा

आकाशवाणीच्या त्या छोट्या केंद्रावर तिला सगळे कात्रीबाई म्हणत. सरकारी कचेरीतून चार-चार पानांची घोषणा यायची आणि ही तिची एका मिनिटाची बोलकी संहिता करून द्यायची. ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘विहित नमुन्यात’ हे शब्द दिसले की तिची पेन्सिल खाटकाच्या सुरीसारखी चालायची. एका वाक्यात एकच गोष्ट. तारीख दोनदा, कारण पहिल्यांदा माणूस कान देतो आणि दुसऱ्यांदा लक्षात ठेवतो. कागदावर मागे वळून वाचता येतं, रेडिओवर नाही, हे तिचं पालुपद नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकावं लागे.

हे शिक्षण तिला आईकडून मिळालं होतं. आईने काही शिकवलं म्हणून नव्हे.

बारा वर्षांपूर्वी आईचे पाय गेले, त्याच सुमारास गल्लीतून कर्णा लावलेली गाडी फिरली. चालता न येणाऱ्यांना चाकाची खुर्ची फुकट मिळणार होती, पण गाडीतला माणूस चारही पानं जशीच्या तशी वाचत गेला. गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा तो दुसऱ्या कलमावर होता. कुणाच्या डॉक्टरचा दाखला लागतो, ते पुढच्या गल्लीला ऐकू गेलं. ही आपली खासगी डॉक्टरचा दाखला घेऊन खिडकीवर गेली. आतले साहेब म्हणाले, “हा चालत नाही. उद्या या.” ही सहा वेळा गेली, आणि ‘उद्या’ सहा वेळा ऐकून मुदत संपली. कागदावर मात्र कुठेच नकार नव्हता, त्यामुळे वर दाद मागायला हातात काही नव्हतं. आई पुढे सहा वर्षं पाटावर बसून घरातल्या घरात सरकत राहिली. उंबऱ्यापलीकडचं तिला फक्त ऐकू यायचं.

त्या साहेबांना लोक उद्यासाहेब म्हणत. चुकूनसुद्धा नकार लेखी द्यायचा नाही, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. कात्रीबाई तो विसरली नव्हती. उलट लोणच्यासारखा मुरवत ठेवला होता.

आणि मग एका सोमवारी तीच योजना पुन्हा टेबलावर आली. खाली उद्यासाहेबांचीच सही.

तिने चारही पानं तीनदा वाचली. चौदावं कलम चौथ्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत होतं : अर्ज स्वीकारण्यास नकार दिल्यास त्याची कारणे अर्जदारास सात दिवसांत लेखी कळविण्यात यावीत. वरून आलेल्या नियमांतलं हे कलम साहेबांनी नाइलाजाने छापलं असणार. तिने पेन्सिलीला टोक काढलं.

संहिता झाली की ती नेहमी केंद्रात फरशी पुसणाऱ्या मावशींना वाचून दाखवायची. फक्त एकदाच. मग मावशींनी आपल्या शब्दांत परत सांगायचं, आणि जे सांगता येणार नाही ते पुन्हा लिहायचं.

मावशी पोछा बादलीत टाकून ऐकत राहिल्या. “म्हणजे बघ, तीस तारखेच्या आत जायचं. सरकारी दवाखान्याचा दाखला न्यायचा, आणि पत्त्याचा कागद. आजारी माणसाला ओढत न्यायचं नाही, घरातलं कुणी गेलं तरी चालतं.”

“बरोब्बर. आणि?”

“आणि तो खिडकीतला नाही म्हणाला, तर नाही म्हणून लिहून दे म्हणायचं. लिहून द्यावंच लागतं त्याला. खरंच लागतं का गं?”

“खरंच लागतं, मावशी.”

“मग आजवर कुणी सांगितलं नाही ते!”

कात्रीबाई हसली. तिच्या हसण्यात गोडवा असा नव्हताच.

घोषणा ज्या खात्याची, त्याच्या साहेबांनी संहिता तपासल्याशिवाय ध्वनिमुद्रण होत नसे. बुधवारी उद्यासाहेब स्वतः आले. केस पिकले होते, आवाज तोच. निवेदक काचेमागे पाणी पीत बसला होता. त्याच्या भारदस्त आवाजामुळे त्याला सगळे घसा म्हणत.

साहेबांनी कागद वाचला. “छान, छान. सुटसुटीत केलंत.” मग त्यांचं बोट शेवटून दुसऱ्या ओळीवर थांबलं.

अर्ज घेतला नाही, तर कारण लेखी मागा. तो तुमचा हक्क आहे.

“हे काढा, बाई.”

“का, साहेब? चुकीचं आहे का?”

“चुकीचं नाही हो. पण लोक उगाच फाटे फोडतात. मूळ घोषणेत ते सगळ्यात शेवटी आहे, म्हणजे महत्त्वाचं नाही.”

“ऐकणाऱ्याला शेवटचंच जास्त आठवतं. म्हणून मी खाली घेतलं. तारीख तेवढी त्याच्याही खाली.”

“बाई, मी सांगतोय ना? काढा.”

“काढते की.” तिने खणातून मंजुरीचा छापील कागद काढला आणि साहेबांपुढे सरकवला. “इथे फक्त लिहा. कलम चौदा श्रोत्यांना सांगू नये. खाली कारण, सही आणि तारीख. आमच्याकडे मूळ घोषणेतली माहिती गाळायची तर खात्याचं लेखी लागतं.”

तो रकाना तिनेच सात वर्षांपूर्वी छापून घेतला होता. केंद्रप्रमुखांना तेव्हा वाटलं होतं, बाई फारच काटेकोर.

साहेबांनी पेन उघडलं, मग बंद केलं. “लेखी कशाला? तोंडी सांगितलंय ना.”

“तोंडी मला ऐकू येतं हो, पण फाइलीला कान नसतात.”

काचेमागे घशाला ठसका लागला. साहेबांच्या कपाळावर घाम आला होता, आणि ती तो निवांत बघत बसली. जेवणाच्या शेवटी काहीतरी गोड खावं तशी. घाई कसली? बारा वर्षं थांबलेल्या माणसाला पाच मिनिटं जास्त नसतात.

“बरं, असं करू,” साहेब म्हणाले. “मी विचार करून सांगतो. उद्या—”

“उद्या प्रसारण आहे, साहेब. सकाळी सातला. लिहून द्या नाहीतर मंजूर करा.”

त्यांनी रकाना कोरा ठेवला आणि ‘मंजूर’पुढे सही केली. अक्षर थोडं वाकडं आलं. कागद घडी घालून तिने खणात ठेवला आणि खणाला कुलूप लावलं.

साहेब दारापर्यंत गेले तेव्हा ती म्हणाली, “बारा वर्षांपूर्वी याच योजनेत माझ्या आईचा अर्ज होता. सहा वेळा मी तुमच्या खिडकीवर आले होते.”

साहेबांनी वळून बघितलं. आठवायचा खरोखरच प्रयत्न केला. “असेल हो,” ते म्हणाले. “किती लोक येतात.”

ते गेल्यावर तिने खणाचं कुलूप उगाच एकदा ओढून बघितलं. साहेबांनी माफी मागावी, असं तिला कधी वाटलं नव्हतं. पण त्यांना आठवावं, एवढं वाटलं होतं. मघाचा गोडवा तोंडातच कडू झाला.

“ताई, घेऊ या का?” घशाने काचेमागून विचारलं.

“घे. लेखी मागा म्हणताना जरा थांब. आणि घाईत म्हणू नकोस, शेजारची बाई सांगते तसं सांग.”

त्याने तसंच सांगितलं. एकोणसाठ सेकंद भरले.

दुसऱ्या दिवसापासून घोषणा सकाळ, दुपार, संध्याकाळ लागली. पुढच्या मंगळवारी ती मुद्दाम खिडकीच्या रांगेपाशी गेली. पुढे एक म्हातारा होता, बायकोचा दाखला घेऊन आलेला. आतून तोच ओळखीचा आवाज आला, “यावर शिक्का पुसट आहे. उद्या या.”

म्हातारा हलला नाही. “मग तेवढं लिहून द्या, साहेब.”

“काय?”

“शिक्का पुसट म्हणून घेत नाही, असं. रेडिओवर सांगतात.”

मागून कुणीतरी म्हणालं, “मलाही द्या, काल मला उद्या म्हणालात.” आणखी एक बाई पुढे सरकली. आत कागद वर-खाली झाल्याचा आवाज आला, मग शिक्का मारल्याचा. अर्ज घेतला गेला होता.

ती खिडकीसमोर गेली नाही. सरळ केंद्रावर आली आणि केंद्रप्रमुखांच्या टेबलाशी उभी राहिली.

“चाकाच्या खुर्चीची घोषणा दिवसातून तीनदा आहे. सहादा करू या का? मधल्या रिकाम्या वेळा आहेत.”

“एवढी? लोकांनी मागणी केलीय का?”

“लोकांनी ऐकलीय,” ती म्हणाली. “एका माणसाला मात्र अजून पाठ व्हायचीय.”