डिंपलच्या आराखड्यातले दोन रिकामे दिवस

गुलाब रामटेके या माणसाला विश्रांतीचं वेड होतं. ऐकायला विचित्र वाटेल, कारण तो खेळाचा मास्तर, आणि खेळाचे मास्तर पोरांना पळवण्यासाठी प्रसिद्ध. पण सावली गावाच्या अलीकडच्या एका खेड्यातल्या शाळेत गुलाब सरांची ख्याती अशी, की कोणी पोरगं सुट्टीच्या दिवशी मैदानावर धावताना दिसलं तर ते सायकलवरून उतरून त्याला घरी हाकलत. त्यालाही कारण होतं. चामोर्शीकडच्या एका मजुराच्या घरातून आलेला हा माणूस तरुणपणी चांगला धावायचा. पोलीस भरतीच्या नादात वर्षभर एक दिवस न चुकता धावला, आणि भरतीच्या तोंडावर गुडघ्याने असा दगा दिला की धावणं कायमचं सुटलं. तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला. आपल्या हाताखालचं एकही लेकरू असं मोडू द्यायचं नाही.

आता पुढे काय झालं ते सांगायचं, म्हणून हे आधी सांगितलं.

डिंपल आठवीत आली तेव्हा गुलाब सरांनी तिला सहाशे मीटर पळताना पाहिलं आणि त्यांचा घड्याळावर विश्वास बसेना. दोन मिनिटांच्या आत, तेही अनवाणी, पहिल्या दोनशे मीटरमध्ये सगळा दम उधळून. नागपूरच्या एका निवासी क्रीडा केंद्राची निवड चाचणी डिसेंबरात होती. चौदा वर्षांच्या आतल्यांनाच प्रवेश. डिंपलला पुढच्या वर्षी ते दार बंद होणार होतं. म्हणजे ही एकच संधी, आणि तयारीला सहा महिने.

सरांनी तिचा वैयक्तिक विकास आराखडा केला. हे ते एका प्रशिक्षण शिबिरात शिकून आले होते आणि त्यावर त्यांचा देवावर असावा तसा भरवसा होता. एका मोठ्या कागदावर तीन रकाने. कौशल्यात, तिन्ही दोनशे मीटर सारख्या वेगाने काढायचे आणि वळणावर आतली रेघ धरायची. वेळ एक अठ्ठावन्नवरून एक अठ्ठेचाळीसवर आणायची. तंदुरुस्तीत, धावण्याचं अंतर दर आठवड्याला थोडंथोडंच वाढवायचं, पोट-पाठीचे व्यायाम, नऊ तास झोप, आणि रोज संध्याकाळी कुठे दुखतं का, याला शून्य ते दहापैकी एक आकडा तिने लिहायचा. अभ्यासात, रोज एक तास गणित आणि सहामाहीत किमान साठ गुण. गणिताचे अश्विन सर त्यावर लक्ष ठेवणार. परीक्षेच्या आठवड्यात सराव निम्मा. आढावे दोन, ऑगस्ट आणि ऑक्टोबरच्या दहा तारखेला, आई-वडिलांसमोर. गुरुवार आणि रविवारच्या चौकोनात सरांनी काही लिहिलंच नाही. ते दिवस विश्रांतीचे.

कागद झाला, पण त्यावर सही करणारं घर वेगळं होतं. डिंपलचे वडील हेमराज गावच्या तलावात मासे धरत. आई कुंता ते टोपलीत घेऊन गावोगाव विके, आणि हंगामात रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, आणि कापणीला जाई. हेमराज तर ऐकूनच खूश झाला. कुंता मात्र चुलीपाशी बसून राहिली. पोरगी रोज धावायला गेली तर घरचं कोण करणार, एवढंच तिचं म्हणणं. आणि ते काही चुकीचं नव्हतं.

सरांनी पुष्कळ समजावलं. शेवटी कागदावरचे ते दोन रिकामे चौकोन दाखवून त्यांनी एक वाक्य टाकलं.

"कुंताबाई, पाच दिवस पोरगी मले द्या. गुरुवार आन् रविवार, त्या दोन दिवशी पोरगी तुमची."

कुंताने क्षणभर त्या चौकोनांकडे पाहिलं आणि अंगठ्याला शाई लावून घेतली. सरांचा जीव भांड्यात पडला. सायकलवरून परतताना ते चक्क गाणं गुणगुणत होते असं पाहणारे सांगतात.

कुंताने शब्द पाळला. असा पाळला की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. सरावाच्या दिवशी डिंपलला तिने पाण्याची घागरही उचलू दिली नाही. पहाटे उठून तिला अंडं उकडून द्यायची, भाताचा डबा भरायची, संध्याकाळी गणिताच्या वेळी धाकट्यांना अंगणात पिटाळायची. शेजारणी हसल्या, की कुंताने पोरगीला राणी करून ठेवलं. कुंता म्हणायची, सरांना शब्द दिला आहे.

ऑगस्टचा आढावा म्हणजे सणच झाला. वेळ एक बावन्न. गणिताच्या चाचणीत वीसपैकी चौदा. दुखण्याच्या रकान्यात ओळीने शून्य. सरांनी पोरगीच्या पाठीवर थाप मारली, आराखडा असा पाळणारं लेकरू मी पाहिलं नाही म्हणाले. कुंताबाईंचंही त्यांनी तोंडभरून कौतुक केलं, आणि ती पदराआड लाजली.

ऑक्टोबरात घड्याळ उलटं फिरलं. एक चोपन्न. सरांना ते लागलं. वेळ मागे गेली तर आधी कारण शोधायचं आणि मगच सरावाला हात लावायचा, हा नियम त्यांनीच लिहिलेला. त्यांनी शोधलंही. झोप विचारली, जेवण विचारलं, अभ्यासाचा ताण विचारला. सहामाहीत गणितात एकाहत्तर मिळाले होते, म्हणजे ताण तोही नव्हता. दुखण्याचा रकाना पाहिला, तिथे शून्यच. विचारले नाहीत ते फक्त गुरुवार आणि रविवार. ते चौकोन त्यांनी स्वतः रिकामे सोडले होते, तेव्हा ते रिकामेच असणार, असं ते धरून चालले. मग वेग कमी पडतो असं ठरवून त्यांनी मंगळवारच्या सरावात जोराच्या दोन फेऱ्या वाढवल्या.

नोव्हेंबरच्या एका सोमवारी दुसऱ्या वळणावर डिंपल खाली बसली. पडली नाही, नुसती बसली आणि नडगी दोन्ही हातांनी धरली. रडलीसुद्धा नाही. सरांनी बोटाने हाडावर जरा दाबलं तेव्हा मात्र तिचे ओठ पांढरे पडले. हे दुखणं आजचं नव्हतं, हे त्यांना हात लावताच कळलं.

गडचिरोलीला नेऊन पायाचा एक्स-रे काढला. डॉक्टर भला माणूस, उजेडापुढे धरून दाखवलं. नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर. सततच्या ताणाने हाड थकलं की असं होतं, म्हणाले, सहा ते आठ आठवडे धावणं बंद. चाचणीला राहिले होते तीन. मग त्यांनी सहज विचारलं, की मुलीला आठवड्यातून विश्रांती किती देता.

"दोन दिवस," सर ताबडतोब म्हणाले. म्हणताना त्यांना अभिमानही वाटला असेल. डिंपलने मान खाली घातली.

दवाखान्याच्या बाहेर कडुलिंबाखाली बाकावर तिला बसवून त्यांनी विचारलं, तेव्हा ते सगळं बाहेर आलं. गुरुवारी शाळेआधी धानाच्या बांधीत कामाला आणि शाळा सुटल्यावर पुन्हा अंधार पडेपर्यंत. रविवार अख्खा. रोवण्याच्या दिवसांत चिखलात वाकून, डोक्यावर रोपांच्या पेंढ्या. मग डोक्यावर माशांची टोपली घेऊन मायसोबत तीन गावं डांबरी रस्त्याने. आता कापणी, म्हणून धानाचे भारे बांधीतून खळ्यावर. पाच दिवसांचं घरचं सगळं काम त्या दोन दिवसांत साठून यायचं, आणि कुंता ते तिच्याकडून करून घ्यायची. तिला तेवढेच दिवस दिले होते ना.

दुखायला रोवण्यातच लागलं होतं. मग रोज शून्य काऊन लिहिलं, असं सरांनी विचारलं. आवाज चढवायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं, तो चढलाच नाही, फुटला.

"दुखते म्हणलं तं तुमी धावणं बंद केलं असतं, सर," डिंपल म्हणाली. "भारे वाहणं तं बंद झालं नसतं."

रोवणा म्हणजे काय, भारा म्हणजे काय, हे गुलाब रामटेकेला कोणी शिकवायची गरज नव्हती. त्याची माय आयुष्यभर तेच करत आली. रोवण्याहून आल्यावर ती भिंतीला पाठ लावून बसायची आणि तासभर बोलायची नाही, हे त्याने लहानपणी रोज पाहिलेलं. कागद करताना शिबिरात शिकलेलं सगळं त्याला आठवलं, आणि घरात पाहिलेलं नेमकं तो विसरला. त्या दिवशी त्याला आपली स्वतःची लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

संध्याकाळी त्याने पोरगीला घरी पोचवलं. कुंताने पट्टा बांधलेला पाय पाहिला. ओरडेल, शिव्या देईल, असं त्याला वाटत होतं. तसं झालं असतं तर बरंही वाटलं असतं. ती फक्त विचारत गेली. कशाने झालं? त्याने सांगितलं. हळूहळू, शब्द जुळवत, पण सांगितलं. हेमराज जाळं विणता विणता थांबला.

"पण मी तं एकबी दिवस मोडला नाई, सर," कुंता म्हणाली. "तुमच्या पाच दिवसांत तिले काडी उचलू नाई देल्ली. तुमीच म्हणलं होतं, ते दोन दिवस माहे."

"हो बाई. मीच म्हणलं होतं."

"मंग त्या दिवशी तिले निस्तं झोपू द्याचं होतं?"

सरांनी होकाराची मान हलवली.

कुंता उंबरठ्यावर खाली बसली. "हे मले कोणी सांगतलंच नाई," ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती.

चाचणीला दुसऱ्याच गावांची पोरं गेली. डिंपलचं नाव केंद्राकडून रद्द करून घेताना कारणाच्या जागी सरांनी "दुखापत" लिहिलं. कोणाची चूक, ते लिहायला तिथे जागा नव्हती. हाड भरेल, पुन्हा धावशील, जिल्ह्याच्या स्पर्धा आहेत, असं ते तिला सांगत राहिले. ती हो सर म्हणत राहिली. पण ते एक दार होतं आणि ते बंद झालं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

चाचणीचा दिवस उजाडला तेव्हा गुलाब सरांना मैदानावर जाववेना. ते सायकल काढून डिंपलच्या घरी गेले. सोबत नवा कागद होता. हाड भरेपर्यंतचा, चालण्यापासून सुरू होणारा आराखडा. या वेळी त्यांनी सातही दिवसांचे चौकोन आखले होते आणि प्रत्येकात घरच्या कामाला वेगळी ओळ ठेवली होती. ती आईला विचारूनच भरायची होती.

विचारायला आई घरी नव्हती. वाटेतच ती दिसली होती, बांधीतून खळ्याकडे येणारी, डोक्यावर भारा. तो टाकून ती दुसऱ्यासाठी वळली. मग तिसऱ्यासाठी. पोरगीच्या वाट्याचेही ती एकटीच वाहत होती. थांबून दम खायलासुद्धा तयार नव्हती. सरांनी हाक मारली, तिने ऐकली नाही, किंवा ऐकूनही वळली नाही.

डिंपल अंगणात खाटेवर आडवी होती. मायने हलूच दिलं नाही, म्हणाली. सकाळचं पाणीसुद्धा खाटेवर आणून दिलं.

तो गुरुवार होता.