बाच्या खाटेजवळचं पंचशील

बाला, म्हणजे माझ्या वडिलांना, गोंदियाच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा आम्हाला बौद्ध होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. नागपूरच्या दीक्षेला तो आणि माय पांढरे कपडे घालून गेले होते. परत आल्यावर बाने घरातले देव काढले आणि जन्मभराची मोहाची दारू सोडली. पुढे आमच्या वस्तीत नव्या पद्धतीची लग्नं झाली, बारशी झाली. मरण मात्र अजून झालं नव्हतं.

मी तेव्हा कामठ्याकडच्या एका शाळेत मास्तरीण होते. संध्याकाळी वस्तीतल्या बायांना वंदना शिकवत असे.

बाचं हृदय थकलं होतं. पाठीशी उशा लावून त्याला बसवलेलं, नाकात ऑक्सिजनची रबरी नळी. त्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता फार वेळ नाही. गिळता येत नाही, म्हणून तोंडात काही घालू नका, पाणी छातीत जाईल.

वॉर्डातल्या आयाबाईला हे कळायला वेळ लागला नाही. असा पेशंट असला की ती कपाटातली गंगाजलाची बाटली आणि तुळशीचं पान घेऊन यायची. कुणी सांगायची वाट पाहायची नाही. ती आमच्याकडेही आली, अगदी मायेने. मायने तिचा हात धरला.

"नोको बाई. त्याईनं दीक्षेत शपथ घेतली हाय."

"मंग का तसाच जाऊ देतेस वं त्याले?"

माय माझ्याकडे वळली. काकाही, म्हणजे बाचा धाकटा भाऊ, माझ्याकडे पाहू लागला. नाही म्हणायचं आम्हाला ठाऊक होतं, त्याच्या जागी काय करायचं ते ठाऊक नव्हतं. भन्ते, म्हणजे आमचे भिक्खू, नागपूरला, आणि तिथून कुणी येईपर्यंत बा थांबणार नव्हता.

तेवढ्यात वॉर्डच्या सिस्टर आल्या. त्या केरळच्या, ख्रिस्ती. हिंदीतच बोलायच्या. आयाबाईने तक्रारीच्या सुरात सगळं सांगितलं. सिस्टरांनी ते ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "आपके धरम में क्या करते हैं?"

असं मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, त्रिशरण-पंचशील म्हणतात. बुद्धाची तसबीर, फुलं, मेणबत्ती, उदबत्ती लागते.

सिस्टर म्हणाल्या, बाकी सगळं चालेल, पण ऑक्सिजन सुरू असताना आग नको. मग मेणबत्ती-उदबत्ती राहिली. काकाने दवाखान्याच्या कुंपणावरची कण्हेर तोडून आणली. माझ्या पिशवीतली लहान तसबीर बाला दिसेल अशी औषधांच्या कपाटावर ठेवली. खाटेपाशी दोनच माणसं, असा नियम होता. सिस्टरांनी तिघांना राहू दिलं, हिरवा पडदा ओढला आणि भांडी घासणाऱ्या नोकराला थोडा वेळ थांबायला सांगितलं. आपल्या किटलीतलं उकळून गार केलेलं पाणी वाटीत घेऊन त्यांनी कापसाचा बोळा भिजवला, घट्ट पिळला आणि मायला दाखवलं: नुसते ओठ ओले करायचे, थेंब आत जाऊ द्यायचा नाही. मायने बाचे ओठ पुसले.

मी बाच्या कानाशी वाकले. "बा, वंदना म्हणून राहिलो आमी. तू मनात म्हण."

'नमो तस्स' तीनदा झालं. मग 'बुद्धं सरणं गच्छामि'. मी एक ओळ म्हणायची, माय आणि काका मागून म्हणायचे. दुतियम्पि, ततियम्पि, म्हणजे तेच दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. पलीकडच्या खाटेवरचा शेतकरी इतके दिवस आपलं पाण्याचं मडकं आमच्यापासून दूर सरकवून ठेवत होता. त्याने आपल्या माणसांना गप्प बसायला सांगितल्याचं मला पडद्याआडून ऐकू आलं.

पंचशील सुरू झालं तसा बाचा श्वास लांबू लागला. पाचवं शील दारू न पिण्याचं. ते म्हणताना मायचा आवाज एकदम मोठा झाला. बाचे ओठ हलले. तो म्हणत होता की नुसता श्वास होता, सांगता येत नाही. तो म्हणत होता, असंच मी धरते. 'साधु, साधु, साधु' म्हणून झाल्यावर थोड्या वेळाने तो गेला.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, नळी काढली. सिस्टरांनी विचारलं, पुढचं आम्ही करू की तुम्ही? डोळे मायने मिटले. हनुवटीला पट्टी सिस्टरांनी बांधली, हातपाय सरळ केले. अंगावर दवाखान्याची चादर न घालता काकाने आणलेलं बाचं दीक्षेचं पांढरं धोतर घातलं. उचलताना आयाबाईही पुढे झाली.

बैलगाडीत माय बाच्या डोक्याशी ताठ बसली होती. रस्त्यावर लोक विचारत, आणि ती प्रत्येकाला सांगत होती, "पंचशील आयकत गेला माहा माणूस."

पुढच्या काही वर्षांत आमच्यातलं कुणी त्या दवाखान्यात शेवटाला आलं की सिस्टर शाळेत निरोप पाठवायच्या. मी सुटी टाकून जात असे. वॉर्डात पोचेपर्यंत पडदा ओढलेला असायचा आणि वाटीत पाणी तयार असायचं.